जिभेखालची दुसरी गोळी

माझ्या मावशीचे हात कधी थरथरले नाहीत. तिचं कामच तसं होतं. काकांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला आणि डोळे तपासायला काका, आणि मागच्या खोलीत काचा घासायला मावशी. काच घासायच्या चाकावर पाण्याची बारीक धार सतत पडत असायची आणि मावशी दोन बोटांत काच धरून ती फ्रेमच्या आकाराला आणायची. केसाएवढी जास्त घासली गेली तरी काच फ्रेममध्ये खुळखुळते, म्हणून हात स्थिर हवा. सव्वीस वर्षं तिने हे केलं. लोक काकांना चष्मेवाले म्हणायचे, पण चष्मा बनवायची ती.

काका बोलघेवडे. एखाद्या म्हाताऱ्याने तपासणीच्या खोलीत तक्त्यावरची अक्षरं भराभरा म्हटली, की काका म्हणायचे, "आजोबा, वाचा. पाठ म्हणून दाखवू नका." गिऱ्हाईक हसायचं, मागे मावशीही हसायची. दुकानाच्या वरच घर. घरात ती दोघं आणि काकांची थोरली बहीण, आक्का. आक्काने काकांना आईच्या मागे वाढवलेलं होतं. साठी ओलांडलेले काका तिच्यासमोर अजूनही पाय लांब करून बसत नसत.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं, वर पोचून दोन मिनिटं थांबलं की जायचं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक मोठी नस जाळी घालून उघडली. दुसरी बारीक होती, तिथे जाळी बसण्यासारखी नव्हती, ती औषधांवर ठेवली. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्याबरोबर एक छोटी तपकिरी काचेची बाटली आली. आत इवल्याशा पांढऱ्या गोळ्या, जिभेखाली ठेवायच्या.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मावशीने त्या दिवशीच एका कागदावर उतरवून घेतलं होतं. दुखायला लागलं की आधी खाली बसायचं, कारण गोळीने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस पडू शकतो. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, चावायची नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि दुसरी ठेवायची. आणखी पाच मिनिटांनी तिसरी, त्यापुढे नाही. गोळ्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत, हवा आणि उजेड लागला की त्यांची ताकद जाते. बाटली उघडल्याची तारीख मावशीने लेबलवर लिहून ठेवली होती आणि काही महिन्यांनी ती नवी बाटली आणायची, जुनी भरलेली असली तरी.

पहिल्या वर्षात काकांना ती गोळी चार-पाच वेळा लागली. ठेवली की जिभेला चुरचुरायचं, तोंड लाल व्हायचं, मग डोकं ठणकायचं, आणि छातीवरचं ओझं उतरायचं. काका म्हणायचे, "छातीतला पाहुणा उठून डोक्यात जाऊन बसला." पुढे ती फारशी लागेनाशी झाली. बाटली स्वयंपाकघरात घड्याळाखालच्या फळीवर असायची. मावशी रोज नजर टाकायची.

इथवरचं सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मला मावशीने सांगितलं. काका दवाखान्यातून घरी आल्यावर मी दुकानात मदतीला जाऊन राहिले होते, तेव्हा. काचा घासता घासता सांगायची, माझ्याकडे न बघता, तुकड्या-तुकड्याने. दुसऱ्या कोणाची तरी हकिगत सांगावी तशी.

जाळी घातल्यापासून दोघं एका खोलीत झोपत होती, पण एकमेकांपासून लांब. ती रात्रभर त्यांचा श्वास मोजत पडायची. ते जवळ आले की तिला छातीतली जाळी आठवायची आणि ती म्हणायची, "राहू दे, तुम्ही थकलात." दोनदा-तीनदा ते जवळ आलेही, आणि शरीराने साथ दिली नाही. ते उठून पाणी प्यायला गेले. त्यावर दोघंही बोलली नाहीत. तिला वाटलं आजारपणामुळे असेल, वयामुळे असेल, रोजच्या गोळ्यांमुळे असेल. डॉक्टरांना विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. म्हणजे मनात आलं असेल, तोंडात आलं नाही.

"बोलायचं तरी काय?" मावशी म्हणाली. "आम्ही दोघं दिवसभर एका भिंतीच्या दोन बाजूंना. काचेचा नंबर बोलायचो, फ्रेमचा नंबर बोलायचो."

काकांनी त्यावर आपला उपाय शोधला. हृदयाची औषधं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून यायची. तो काकांचा मित्र, त्याच्या वहीत काकांची सगळी औषधं लिहिलेली. त्याच्याकडे संबंधासाठी घ्यायची गोळी मागायची काकांना लाज वाटली. म्हणून ते बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि एका दुकानातून पुरुषांच्या त्या गोळीची पट्टी घेऊन आले. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दुसरं काही औषध चालू आहे का, हेही कोणी विचारलं नाही. छातीत दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही घेऊ नये, असं आतल्या पत्रकात लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. पण जिभेखालची गोळी तर आपल्याला तीन महिन्यांत लागलेली नाही, म्हणजे आपण ती घेत नाही, असा हिशेब त्यांनी मनाशी केला.

ज्याला अधूनमधून लागणारी गोळी दिलेली आहे, त्याने ती घेतोच असं धरून चालायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं म्हणून.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. आक्का सकाळीच एका मैत्रिणीकडे गेली होती, दुपारी येणार होती. जेवणं झाली. काकांनी खोलीची खिडकी लावली. मावशीने नेहमीप्रमाणे "राहू दे" म्हटलं नाही. का म्हटलं नाही, तिला ठाऊक नाही. दीड वर्षांनी ती दोघं एकमेकांची झाली. मला हे सांगताना तिने चाक बंद केलं, काच पुसली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा चाक सुरू केलं.

"छान झालं होतं," ती म्हणाली. "तेवढं मात्र खरं."

तीन वाजता आक्का आली. साडेतीनला तिघं चहाला बसली. काकांनी पांढरी बशी हातात धरली, खिडकीकडे केली आणि म्हणाले की आज बशी निळसर दिसतेय, कपही. आक्का म्हणाली, लोकांचे डोळे तपासतोस, आता स्वतःचे तपास. काका हसले. मावशी सांगते की ते त्या दुपारी खूप हसत होते, आणि गालांवर लाली होती.

चहानंतर खालून आक्कासाठी आणलेलं नवं टेबल वर आणायचं ठरलं. छोटंसंच टेबल. मावशी म्हणाली की उद्या कोणाला तरी सांगू. काकांनी ऐकलं नाही. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मावशीने. शेवटून चौथ्या पायरीवर त्यांनी टेबल खाली टेकवलं आणि हात छातीवर ठेवला.

त्यांना धरून आणून मावशीने खुर्चीत बसवलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बाटली घेऊन आली. घड्याळात चारला दहा कमी होती. तिने झाकण उघडलं, तेव्हा काका म्हणाले, "थांब. नको. जाईल आपोआप."

आक्का समोर उभी होती. तिने म्हटलं, "कसलं नको? तोंड उघड."

त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग आक्काकडे. आणि तोंड उघडलं.

मावशीने गोळी जिभेखाली ठेवली आणि घड्याळ बघत उभी राहिली. आधीच्या वेळी दोन मिनिटांत त्यांचा चेहरा लाल व्हायचा. या वेळी तो पांढरा पडत गेला, मग राखेसारखा झाला. कपाळावर घाम आला, तो गळ्यापर्यंत उतरला. ते म्हणाले, अंधारतंय. छातीत कसं आहे असं तिने विचारलं, तर म्हणाले, जास्त. तिने एका हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता सांगितला. पाच मिनिटं झाली होती. कागदावर लिहिलेलं तिला तोंडपाठ होतं. तिने दुसरी गोळी काढली.

काकांनी दात घट्ट मिटले. मान हलवली, नाही म्हणून. डोळे तिच्या डोळ्यांवर होते. तिला वाटलं दुखण्याने हट्टाला पेटलेत. आजारात ते असेच वागायचे, लहान मुलासारखे. तिने डाव्या हाताने हनुवटी दाबली, ओठ बाजूला केले आणि अंगठ्याने गोळी आत सरकवली. तिचे हात तेव्हाही थरथरले नाहीत.

मिनिटाभरात त्यांची मान पुढे पडली आणि ते खुर्चीतून खाली घसरले.

चक्कर आली, अंधारी आली तर पुढची गोळी द्यायची नाही, माणसाला आडवं करायचं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या कागदावर तेही होतं, मागच्या बाजूला.

रुग्णवाहिका लवकर आली. आलेल्या दोघांपैकी एकाने रक्तदाब मोजला, परत मोजला आणि काकांना जमिनीवरच सपाट निजवून जिन्यात राहिलेलं आक्काचं ते नवं टेबल वर आणून, आडवं करून त्यावर त्यांचे पाय उंच ठेवले. दुसऱ्याने हातात सुई घातली, सलाईन जोडलं. काय दिलं होतं, असं त्याने विचारलं. मावशीने बाटली त्याच्या हातात दिली आणि दोन्ही वेळा सांगितल्या, मिनिटांसकट. पाय उंच केल्यावर काका जरा हलले, डोळे उघडले, पण बोलले नाहीत.

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्तदाबाचा वरचा आकडा साठच्या आसपास होता. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, तिच्यात फरक होता. दुसरी सलाईन लागली. डॉक्टरीण मावशीजवळ आली आणि म्हणाली की दोन गोळ्यांनी दाब थोडा उतरतो, एवढा सहसा कोसळत नाही. आणखी कुठलं औषध घेतात? मावशीने पर्समधला कागद काढला. सगळी नावं, वेळा. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. यातलं आज काही दोनदा घेतलं का? नाही. काही नवीन? नाही. उलटी, जुलाब, कुठून रक्त गेलं? नाही.

"आज दिवसभरात काही वेगळं म्हणाले? काहीही चालेल," डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशीला एवढंच आठवलं. ती म्हणाली, "पांढरी बशी निळसर दिसते म्हणाले. चहाच्या वेळी."

डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात थांबला. आक्का पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला अगदी साधेपणाने सांगितलं की नोंदणीच्या खिडकीवर जाऊन पेशंटचं नाव-पत्ता लिहून द्या. आक्का गेल्यावर पडदा ओढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्यांनी पुरुषांची ती गोळी घेतली होती का? संबंधाआधी घेतात ती? तिच्याने कधीकधी सगळं निळसर दिसतं."

मावशी नाही म्हणाली. लगेच म्हणाली. मग तिला दुपार आठवली. खिडकी लावलेली, गालांवरची लाली. तिने काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला माहीत नाही. त्यांना विचारा. मी बाहेर जाऊ का?"

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या काकांच्या कानाशी वाकल्या. शब्द सावकाश होते, मावशीला सगळे ऐकू आले. "काका, मी तुम्हाला रागावणार नाहीये. ती गोळी घेतली असेल तर आम्हाला तुमची औषधं बदलावी लागतील. नाहीतर वरच्या वॉर्डात कोणीतरी तुम्हाला पुन्हा तेच देईल. घेतली होती का?"

काकांनी डोळे मिटले. मान हलवली, हो म्हणून.

"किती? कधी?"

"एक. दीड वाजता."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं की पुढचे चोवीस तास जिभेखालची गोळी किंवा तिच्या जातीचं कुठलंही औषध द्यायचं नाही. तेच नर्सला तोंडी सांगितलं आणि परत म्हणवून घेतलं. दाब सलाईनने पुरेसा वर येत नव्हता, म्हणून तो धरून ठेवायचं औषध यंत्रातून थेंबाथेंबाने सुरू केलं. दुखण्यासाठी दुसरं दिलं.

मग बाईंनी मावशीला सांगितलं. या दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, दोघींची वाट वेगळी, पण पोचतात एकाच जागी. एकत्र आल्या की एक दुसरीचा जोर कितीतरी वाढवते. सगळ्या वाहिन्या एकदम ढिल्या पडतात, दाब कोसळतो. आणि दाब नसला की आधीच अरुंद असलेल्या हृदयाच्या नसेत रक्त पोचत नाही. मग दुखणं थांबण्याऐवजी वाढतं.

मावशी म्हणाली, "दुसरी मी दिली. ते नको म्हणत होते. मी तोंड उघडून दिली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे माहीत होतं त्यावरून तुम्ही केलंत."

"दुसरीने जास्त झालं का?"

"झालं असणार," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही निळसर दिसल्याचं सांगितलंत, त्याने पुढचं टळलं."

मावशीला ती बाई आवडली, खोटं बोलली नाही म्हणून. पण त्या वेळी तिला काहीच वाटलं नाही. राग नाही, भीती नाही. बाकावर बसून ती समोरच्या भिंतीवरचा हात धुवायच्या पद्धतीचा तक्ता वाचत राहिली. त्यातली अक्षरं किती मोठी आहेत, किती अंतरावरून कोणत्या नंबरच्या माणसाला दिसतील, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं. आक्का येऊन शेजारी बसली, काय म्हणाले ते विचारलं. मावशी म्हणाली की दोन औषधं एकमेकांशी जुळली नाहीत. आक्काने कुठली ते विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने मावशीचा हात हातात घेतला. मावशीला तो हात दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला, आपल्या मांडीवर कोणीतरी ठेवून गेलेला.

काका वाचले. सहा दिवस राहिले. चोवीस तासांनंतर दाब स्थिर झाला, पण मधल्या तासाभरात रक्त न मिळाल्याने हृदयाचा एक तुकडा कायमचा दुखावला गेला होता. आधी ते दोन मजले चढायचे, आता एका मजल्याला दोनदा थांबतात.

घरी आल्यावर काही महिने घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. मावशी त्यांना औषधं द्यायची, अंघोळीचं पाणी काढायची, खाली येऊन काचा घासायची. मी गेले ती याच दिवसांत. ती रडली नव्हती, चिडली नव्हती. जेवायला बसली की ताटातलं संपवायची, काय खाल्लं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा तिने उजव्या डोळ्याची काच डाव्या खोबणीत बसवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकाने परत आणून दिली, तेव्हा तिने ती पाहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि नवीन करून दिली. बस.

एक दिवस मला दुकानात बसवून ती बाहेर गेली. दोन बस बदलून. काकांच्या कपाटात त्या पट्टीची पिशवी सापडली होती, तिच्यावर दुकानाचा पत्ता होता. काउंटरवर एक मध्यमवयीन माणूस होता. मावशीने पट्टी दाखवून तीच मागितली.

"किती देऊ?" त्याने विचारलं.

"आणखी काही विचारायचं नाही का?"

त्याला कळलं नाही. मावशीने सांगितलं की माझ्या नवऱ्याला छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे.

"मग ही नाही चालणार," तो माणूस चटकन म्हणाला. "अजिबात नाही. जीव जाईल."

"तुम्हाला माहीत आहे की."

"हो, माहीत आहे ना," तो म्हणाला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात पट्टी तशीच राहिली. मावशीने आवाज चढवला नाही. म्हणाली, "पुढच्याला विचारा," आणि बाहेर पडली. परत येताना ती चुकीच्या बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून चालत आली.

दोघं बोलली ती त्यानंतर आठवड्याने. मी पुढे हिशेबाच्या टेबलाशी होते, ती दोघं तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत. तिथला दिवा गेला होता, तो बदलायला मावशी स्टुलावर चढली होती आणि काका खाली खुर्चीवर बसून दिवा हातात देत होते. आक्का वर होती. खोलीचं दार लोटलेलं होतं, आतलं ऐकू येत होतं. मी उठून जायला हवं होतं. गेले नाही.

काका म्हणाले, "मी दात घट्ट धरले होते. तोंडाने सांगितलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं."

जुना दिवा पिळून काढल्याची करकर ऐकू आली.

"आक्का समोर होती," काका म्हणाले. "तिच्यापुढे मला ते शब्दच सापडेनात. जीव जातोय हे कळत होतं. तरी सापडेनात."

"पहिल्या गोळीलाही नको म्हणालात," मावशी म्हणाली. "मी विचारलं नाही, का नको."

"तू कशाला विचारशील? तुला वाटलं मी टाळतोय."

"ती दुपार," मावशी म्हणाली, "ती तुमच्यामुळे झाली की गोळीमुळे?"

काका हसले नाहीत. "गोळीने फक्त रक्त येतं म्हणतात," ते म्हणाले. "बाकीचं माझंच होतं."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. दिवा लागला, दाराच्या फटीतून उजेड आला. ती दोघं बाहेर आली तेव्हा मावशीच्या चेहऱ्यावर नेहमीचंच काहीतरी होतं, म्हणजे काहीच नव्हतं. ती सरळ चाकाशी जाऊन बसली.

पुढच्या तपासणीला मावशी काकांबरोबर आत गेली. हृदयाचे डॉक्टर कागद वाचून झाल्यावर म्हणाले, काही विचारायचंय? काका जमिनीकडे बघू लागले. मावशीनेच विचारलं, तिच्या काचा घासायच्या आवाजात, चढ-उताराशिवाय. म्हणाली की आम्हाला नवरा-बायको म्हणून राहता येईल का, आणि त्यासाठी काय घेता येईल, काय नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या जातीची कुठलीही गोळी आता कधीच नाही, ते म्हणाले. जिभेखालची गोळी घरात आहे तोवर नाही, आणि ती घरातून जाणार नाही. एक जास्त वेळ टिकणारी गोळी असते, तिच्यानंतर तर दोन दिवस थांबावं लागतं, चोवीस तासही पुरत नाहीत. चुकून कधी घेतलीच आणि छातीत दुखलं, तर जिभेखालची ठेवायची नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची आणि आलेल्या माणसाला पहिलं वाक्य तेच सांगायचं. मग ते काकांना म्हणाले की रोजच्या गोळ्यांपैकी एक बदलून पाहू, तिच्यानेही तसा त्रास होतो कधीकधी. न दुखता एक मजला सलग चढता यायला लागलं की जवळ यायला हरकत नाही. तोवर रोज चालायचं. सगळं एखाद्या गुडघेदुखीबद्दल सांगावं तसं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

काका बाहेर येऊन म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी विचारता आलं असतं."

"आलं असतं," मावशी म्हणाली.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं चालायला जातात. काकांच्या वेगाने, म्हणजे फार हळू. बोलतात असं नाही. परवा मी फोनवर विचारलं की मावशी, आता कसं वाटतं? ती म्हणाली, "अजून काही वाटत नाही गं. पण ते काल जिन्यात एकदाच थांबले." मग म्हणाली की गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला.